रोजचे मीम : साद आणि सवय

मीम किंवा छोटे व्हिडिओ एखाद्याला दररोज, बहुधा सोबत एक शब्दही न लिहिता, पाठवत राहण्याचा प्रघात. जोडीदाराचे लक्ष किंवा आपुलकी मिळवण्यासाठी केलेल्या लहानशा प्रयत्नाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जे नाव दिले, त्याला मराठीत ‘जवळिकीची साद’ म्हणता येईल. रोजचा रील अशी साद असू शकतो किंवा नुसती सवयही, आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात.

फरक प्रतिसादाच्या परिणामात आढळतो. सवय ही ठरावीक वेळ, जागा किंवा कृती यांनी जागी होते आणि पुढे काय घडते याची तिला फारशी पर्वा नसते. साद मात्र उत्तराने बदलते.

समजा, नागपूरची एक मैत्रीण वसतिगृहात एकत्र राहिलेल्या पुण्यातल्या मैत्रिणीला रोज रात्री अकराच्या सुमारास तीन-चार रील पाठवते. बहुतेक कोणालाही चालतील असे असतात. पण आठवड्यातून एखादा मेसच्या पातळ वरणावरचा असतो, जो तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला पाठवण्यात अर्थ नाही. पुण्याची मैत्रीण एरवी हसरा चेहरा टाकून मोकळी होते. या वेळी ती विचारते, “आपल्या मेसच्या काकू अजून आहेत का गं?” त्यावर आठवणी निघाल्या आणि दुसऱ्या दिवशीचा रील त्याच धाग्यावरचा आला, तर ती साद होती. प्रश्न अनुत्तरित राहून त्याखाली पुढचा रील येऊन पडला, तर सवयीची शक्यता वाढते. मात्र नागपूरची मैत्रीण त्या दिवशी थकलेली असू शकते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत असे काही प्रश्न विचारून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

व्हॉट्सॲपवर 2018 पासून दिसणाऱ्या ‘फॉरवर्डेड’ या खुणेवर बरेच जण विसंबतात, पण ती कच्ची साक्ष आहे. दुसऱ्या गटातला विनोद खास आपली आठवण येऊनही पुढे पाठवला जातो. उलट ब्रॉडकास्ट यादीतून अनेकांना एकदम गेलेला संदेश प्रत्येकाला खाजगी गप्पांमध्येच मिळतो.

उत्तर देणे मुद्दाम थांबवून परीक्षा घेण्याचा मार्गही सुचवला जातो. तो टाळावा, कारण सवयीने पाठवणारा पाठवतच राहतो, आणि साद घालणारा मात्र काही न बोलता मागे सरतो. म्हणजे जे नाते ओळखायचे होते त्यालाच इजा होते.

दोन्ही प्रकार एकाच माणसात मिसळलेलेही असतात. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने 1923 मध्ये दाखवले की हवापाण्याच्या गप्पांतून माहिती फारशी जात नाही, पण माणसे एकमेकांशी बांधलेली राहतात. गावाकडच्या मामांचा रोजचा ‘शुभ सकाळ’ चाळीस जणांना जात असेल, त्यांना उत्तराची अपेक्षाही नसेल, तरी एके सकाळी तो आला नाही की भाचा फोन करून विचारतो, “मामा, तब्येत बरी आहे ना?”