एका थेंबाचं मीठ: क्लोराइड मोजताना गुलाबी रंग नेमका केव्हा येतो?

खाण्याच्या मिठात कोरड्या वजनाच्या निदान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावं, अशी आपल्याकडची अट आहे. पेण-उरणच्या मिठागरातलं खडेमीठ या रेषेच्या वर आहे की खाली, हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण, एक ब्युरेट आणि रंगद्रव्याचे दहा थेंब एवढं पुरतं. पण नमुना काठावरचा असेल तर निकाल ब्युरेटमधल्या एका थेंबावर येऊन ठेपतो, आणि तो थेंब ओळखणं दोन गोष्टींवर अवलंबून असतं: द्रावणाची आम्लता आणि टेबलावर पडणारा उजेड.

मिठाच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट पडलं की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा, दुधाळ अवक्षेप तयार होतो. सगळं क्लोराइड संपलं की पुढचा थेंब जास्तीचा. अडचण अशी, की पांढऱ्या द्रावणात आणखी थोडं पांढरं पडलं तर डोळ्यांना काहीच कळत नाही. मोहर या रसायनशास्त्रज्ञाच्या जुन्या पद्धतीत यासाठी पोटॅशियम क्रोमेट घालतात. पण क्रोमेट विषारी, शिवाय विटकरी छटा दिसेपर्यंत चांदी थोडी जास्तच खर्च होते. काझिमिएर्झ फायान्स आणि ऑड हॅसेल यांनी १९२३ मध्ये वेगळी वाट सुचवली: द्रावणाचा रंग पाहू नका, अवक्षेपाच्या कणांचा पृष्ठभाग पाहा. (याच हॅसेल यांना १९६९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण अगदी वेगळ्या कामासाठी.)

सिल्व्हर क्लोराइडचे कण अतिसूक्ष्म असतात, आणि द्रावणात ज्याचा सुकाळ असेल तो आपलाच आयन ते पृष्ठभागावर धरून ठेवतात. क्लोराइड शिल्लक आहे तोवर कणांवर क्लोराइडचा, म्हणजे ऋण प्रभाराचा थर असतो. डायक्लोरोफ्लुओरेसीन या रंगद्रव्याचा आयनही ऋणच असल्याने तो कणांपासून दूर, पाण्यातच राहतो, आणि द्रावण पिवळसर हिरवं चमकतं. क्लोराइड संपून चांदीचा एखादा थेंब जास्त झाला की थर पालटतो. आता कणांवर चांदीचा धन प्रभार असतो, रंगद्रव्य त्याकडे ओढलं जाऊन पृष्ठभागावर बसतं, आणि बसताक्षणी त्याचा रंग बदलतो. हिरवी चमक विझते, अवक्षेप गुलाबी होतो. पृष्ठभागावर चिकटण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात, म्हणून हा अधिशोषण दर्शक.

आता प्रत्यक्ष काम. मीठ ११० अंशांवर दोन तास वाळवून घ्या. नेमकं १.५०० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. खडेमिठात माती आणि जिप्समचे कण असतातच, त्यामुळे द्रावण गाळून, गाळणकागद धुऊन २५० मिलिलिटरच्या प्रमाणित चंबूत खुणेपर्यंत भरा. यातले २५ मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घ्या आणि पाणी घालून साधारण १०० मिलिलिटर करा. त्यात दोन टक्के डेक्स्ट्रिनचं ५ मिलिलिटर द्रावण आणि दर्शकाचे १० थेंब घाला. दर्शक म्हणजे ०.१ ग्रॅम डायक्लोरोफ्लुओरेसीन १०० मिलिलिटर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट असतं: लिटरला १६.९९ ग्रॅम, तपकिरी बाटलीत ठेवलेलं. बोटांवर सांडलं तर काळे डाग पडतात आणि ते काही दिवस जात नाहीत, तेव्हा हातमोजे घाला.

डेक्स्ट्रिनकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि मग शेवटचा बिंदू धूसर आला म्हणून दर्शकाला दोष देतात. रंग कणांच्या पृष्ठभागावर दिसायचा असेल तर पृष्ठभाग मोठा हवा, म्हणजे कण बारीक आणि सुटे राहायला हवेत. शेवटच्या बिंदूजवळ कणांवरचा प्रभार नाहीसा होत जातो, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही, आणि दूध नासावं तसा अवक्षेप गुठळ्या धरून खाली बसू लागतो. गुठळी झाली की पृष्ठभाग घटला आणि रंगही फिका पडला. डेक्स्ट्रिन कणांभोवती राहून हे लांबवतं. द्रावण पातळ करायचं कारणही हेच, कारण क्षारांचं प्रमाण जास्त असेल तर गुठळ्या लवकर होतात. खडेमिठातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या कामी विशेष उपद्रवी. मात्र पातळ करण्यालाही मर्यादा आहे. क्लोराइड फारच विरळ झालं तर अवक्षेप इतका थोडा पडतो, की रंग धरायला पुरेसे कणच नसतात.

आता आम्लता. दर्शक हे स्वतः एक सौम्य आम्ल आहे. त्याचा ऋण आयन सुटा झाला तरच तो चांदीच्या कणावर बसणार. द्रावण जास्त आम्ल असेल तर हायड्रोजन आयन त्याला चिकटून राहतो, रेणूवर प्रभार उरत नाही, आणि चांदीचा थर कितीही धन असला तरी त्याला ओढ लागत नाही. अशा वेळी थेंब पडत राहतात, गुलाबी छटा उशिरा आणि फिकी येते, आणि मीठ प्रत्यक्षापेक्षा शुद्ध भासतं. साधं फ्लुओरेसीन वापरलं तर सामू ७ ते १० दरम्यान लागतो. त्याच रेणूवर क्लोरीनचे दोन अणू आले की आम्ल अधिक तीव्र होतं, आयन सहज सुटतो, आणि काम सामू ४ पर्यंत चालतं. मिठासाठी डायक्लोरोफ्लुओरेसीन निवडतात ते यामुळेच. मग आणखी पुढे जाऊन इओसिन का नाही? ते तर सामू २ लाही चालतं. पण इओसिन कणाला इतकं घट्ट धरतं, की क्लोराइड शिल्लक असतानाच त्याला हुसकावून स्वतः बसतं. ब्रोमाइड, आयोडाइडला ते उत्तम, क्लोराइडला निरुपयोगी.

वरची मर्यादा सामू १०. त्यापलीकडे चांदी हायड्रॉक्साइडशी जुळून तपकिरी ऑक्साइड पडू लागतो. द्रावणाचा एक थेंब काचेच्या कांडीने सामू-पट्टीवर टेकवा. सामू ७ ते ८ असेल तर निर्धास्त राहा. दर्शक घातल्यावर हिरवी चमक नीट दिसली नाही, तर आम्लता जास्त आहे असं समजा. आम्ल मारायला खाण्याच्या सोड्याचं शुद्ध, क्लोराइडमुक्त रूप चिमूटभर पुरतं. अल्कली कमी करायची तर विरल नायट्रिक आम्ल घ्यायचं. सवयीने हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली उचलली तर मोजायचं तेच आपण ओतलं, नमुना गेला. अमोनियाही नको, कारण त्यात सिल्व्हर क्लोराइड विरघळतं. फॉस्फेटचं बफर वापरलं तर चांदीचा वेगळाच पिवळा अवक्षेप पडतो.

राहिला उजेड. सिल्व्हर क्लोराइड उजेडात फुटतं: चांदीचे सूक्ष्म कण सुटे होतात आणि क्लोरीन बाहेर पडतो. पांढरा अवक्षेप करडा-जांभळा होतो आणि त्या रंगात गुलाबी छटा हरवते. बाहेर पडलेला क्लोरीनही स्वस्थ बसत नाही. पाण्याशी अभिक्रिया होऊन त्याचं पुन्हा क्लोराइड होतं, ते जास्तीच्या चांदीला पकडतं, आणि आलेली गुलाबी छटा ओसरते. मग ‘अजून झालं नाही वाटतं’ म्हणून आणखी थेंब सोडला जातो. रंगद्रव्यामुळे हे सगळं आणखी वेगाने होतं, कारण कणावर बसलेला रंग स्वतः उजेड शोषून ती ऊर्जा कणाला देतो. चांदीच्या क्षारांना रंगद्रव्य लावून उजेडाला अधिक हळवं करता येतं हे हर्मान व्हिल्हेल्म फोगेल यांना १८७३ मध्ये सापडलं होतं, आणि छायाचित्रणाने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. जो गुण फिल्मला हवा, तोच आपल्याला इथे नको.

म्हणून टेबल खिडकीपासून दूर हवं, पडदे ओढलेले, वर साधी मंद ट्यूबलाइट. पूर्ण अंधारही उपयोगाचा नाही, रंग दिसायला हवा. उजेडापेक्षाही महत्त्वाचा वेळ. आधी एक अंदाजाचं अनुमापन उरकून घ्या. २५ मिलिलिटरच्या आसपास बिंदू येतो हे कळलं की नेमक्या अनुमापनात पहिले २३ मिलिलिटर पात्र फिरवत भराभर सोडा, दर्शक सुरुवातीला न घालता तेव्हाच घाला, आणि पुढे थेंबाथेंबाने जा. दर्शक उशिरा घातल्याने रंगलेला अवक्षेप उजेडात राहण्याचा काळ कमी होतो. शेवट जवळ आला की प्रत्येक थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उठतो आणि फिरवल्यावर विरतो. हे ढग रेंगाळू लागले की अर्धा थेंब ब्युरेटच्या टोकाला लटकवून भिंतीला टेकवा आणि पाण्याने खाली धुवा. सगळा अवक्षेप एकदम गुलाबी झाला की थांबा.

शंका असेल तर ०.१ मोलर मिठाच्या द्रावणाचा एक थेंब टाका. खरा शेवट असेल तर पिवळसर हिरवा रंग परत येतो. उजेडाने आलेला काळसरपणा मात्र परतत नाही.

समजा आकडा २४.६५ मिलिलिटर आला. त्याला ०.१००० ने आणि सोडियम क्लोराइडच्या रेणुभाराने, ५८.४४ ने, गुणलं की १४४.१ मिलिग्रॅम येतात. पात्रात मीठ होतं १५० मिलिग्रॅम, म्हणजे ९६.०४ टक्के, पास. तोच आकडा २४.६० असता तर ९५.८४ टक्के, नापास. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणून काठावरच्या नमुन्यात एका वाचनावर निर्णय देऊ नये. तीन वाचनं ०.०५ मिलिलिटरच्या आत जुळायला हवीत, आणि सिल्व्हर नायट्रेटची संहती शुद्ध, वाळवलेल्या सोडियम क्लोराइडवर याच दर्शकाने, याच उजेडात तपासलेली हवी. म्हणजे थेंब ओळखण्यातली आपली सवयीची चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि बरीचशी कटते. डेक्स्ट्रिन आणि पाण्यात क्लोराइड नाही ना, यासाठी मिठाशिवाय एक कोरं अनुमापनही करावं.

आणखी एक गोष्ट निकाल लिहिताना ध्यानात ठेवायला हवी. चांदीला सोडियम कुठलं आणि मॅग्नेशियम कुठलं हे कळत नाही, ती फक्त क्लोराइड मोजते. नीट न निथळलेल्या खडेमिठात चिकटून राहिलेलं मॅग्नेशियम क्लोराइडही या ९६ टक्क्यांत मीठ म्हणून शिरतं. ते वेगळं काढायचं तर मॅग्नेशियम स्वतंत्रपणे मोजून वजा करावं लागतं.

उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. ते एका मोठ्या बाटलीत साठवा, अवक्षेप खाली बसू द्या. त्यातली चांदी परत मिळवता येते.