‘व्हॉल्यूम’ म्हणजे नेमके किती? पेयात विरघळलेल्या वायूच्या हिशेबाची पार्श्वभूमी

शीतपेय भरणारे ‘३.७ व्हॉल्यूम’ म्हणतात, आणि रसायनशास्त्राची पुस्तके मोल-अंश आणि हेन्री स्थिरांक सांगतात. दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात: दाब वाढला की द्रवात जास्त वायू विरघळतो. तरीही दोघांची आकडेमोड एका कागदावर मांडली की हमखास घोळ होतो. त्याचे मूळ या नियमाच्या, म्हणजे हेन्रीच्या नियमाच्या, पहिल्या मांडणीतच आहे.

पाण्यात कार्बन डायॉक्साइड मुद्दाम विरघळवण्याचे प्रयोग १७६०च्या दशकात झाले. मद्य आंबवण्याच्या पिंपांवर जमणारा वायू तेव्हा पाण्यात मिसळला गेला. पुढे पंपाने दाब देऊन बाटल्या भरण्याचा धंदाही उभा राहिला. दाब आणि विरघळलेला वायू यांचे मोजलेले नाते मात्र १८०३ मध्ये जाहीर झाले.

ती मूळ मांडणी आजच्या वाचकाला उलटी वाटते. एकाच तापमानाला पाणी दर वेळी वायूचे तेवढेच आकारमान शोषते, मग वायू साध्या दाबाचा असो की दाबलेला, असे तिचे पहिले वाक्य आहे. दाब दुप्पट केला की वायूचे आकारमान निम्मे होते. त्यामुळे त्याच एका लिटरमध्ये आता दुप्पट वायू मावतो आणि विरघळलेले वस्तुमान दुप्पट होते. ‘वस्तुमान दाबाच्या समप्रमाणात’ ही आपली पाठ्यपुस्तकी ओळ म्हणजे त्या वाक्याचा निष्कर्ष. आकारमान कोणत्या दाबाला मोजले हे सांगितले नाही, तर ‘व्हॉल्यूम’ एकतर बदलतच नाही किंवा दाबाबरोबर वाढत जातो. दोन्ही विधाने खरी आहेत.

१८५०च्या दशकात यावर उपाय निघाला. १ वातावरण दाबाच्या वायूखाली एका लिटर द्रवात विरघळलेला वायू ० अंश सेल्सियस आणि १ वातावरण दाबाला आणला तर किती लिटर जागा व्यापेल, तेवढाच आकडा लिहायचा. यालाच शोषण गुणांक म्हणतात. पाण्यात कार्बन डायॉक्साइडसाठी तो ० अंशाला १.७१, १५ अंशाला १.०२ आणि २५ अंशाला ०.७६ आहे. पेयाचा ‘व्हॉल्यूम’ म्हणजे हा गुणांक गुणिले वायूचा दाब. तसा एक व्हॉल्यूम म्हणजे दर लिटरला सुमारे १.९६ ग्रॅम.

इथे आणखी एक गाठ बसते. १५.६ अंशाला, म्हणजे ६० अंश फॅरनहाइटला, गुणांक जवळजवळ १ येतो. त्यामुळे ‘६० अंशाला १ वातावरण दाबाखाली पाणी जेवढा वायू घेते तो एक व्हॉल्यूम’ अशी सोपी व्याख्या करता येते, आणि ती चुकीचीही नाही. चूक होते ती पुढच्या पायरीवर. वायूचे आकारमानही ६० अंशालाच मोजायचे असे कोणी धरले, तर एका लिटरचे वजन १.८६ ग्रॅम भरते. फरक पाच टक्क्यांचा. तीन-चार व्हॉल्यूमच्या पेयात हा फरक दर लिटरला ०.३ ते ०.४ ग्रॅम होतो. आमच्या मते ग्रॅम प्रति लिटर हेच एकक आधीपासून रुळायला हवे होते, कारण ग्रॅमला तापमान विचारावे लागत नाही. सवयीने ‘व्हॉल्यूम’ टिकून राहिला आहे, म्हणून निदान कागदावर ‘० अंशाचा’ असे लिहावे.

हेन्री स्थिरांकाची कथा याच वळणाची. `K_H` या एकाच चिन्हाने काही पुस्तके दाब भागिले मोल-अंश दाखवतात, तर काही पुस्तके संहती भागिले दाब. पहिल्या रीतीत २५ अंशाला कार्बन डायॉक्साइडचा आकडा सुमारे १६७० बार आहे, दुसऱ्या रीतीत ०.०३४ मोल प्रति लिटर प्रति वातावरण. पहिल्या रीतीत आकडा मोठा म्हणजे वायू कमी विरघळणारा, दुसऱ्या रीतीत मोठा म्हणजे जास्त विरघळणारा. एकक न पाहता आकडा उचलला की उत्तर उलटे येते. पडताळा सोपा आहे. २.५ वातावरण दाबाला दुसऱ्या रीतीने ०.०८५ मोल, म्हणजे सुमारे ३.७ ग्रॅम प्रति लिटर येतात. पहिल्या रीतीने २.५३ बारला १६७० ने भागून लिटरभर पाण्यातल्या साधारण ५५.३ मोलने गुणले की तेवढेच येतात. शोषण गुणांकानेही १.९ व्हॉल्यूम, म्हणजे ३.७ ग्रॅमच.

सूत्रातला दाब निरपेक्ष हवा. दाबमापी मात्र वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून वाचलेल्या आकड्यात १ मिळवावा लागतो. ३.७ व्हॉल्यूमच्या पेयाला २५ अंशाला ३.७ भागिले ०.७६, म्हणजे सुमारे ४.८७ वातावरण दाब लागतो. दाबमापीवर तो ३.८७ दिसेल. तीच बाटली ४ अंशाला नेली की गुणांक १.४७ च्या आसपास जातो आणि दाबमापी १.५ वर उतरतो. वायू तेवढाच, फक्त दाब उतरला. हे आकडे शुद्ध पाण्याचे आहेत. साखर घातल्यावर गुणांक थोडा घटतो.

सूत्रातला दाब एकट्या त्या वायूचा हवा, ही अट सगळ्यात जास्त फसवते. २५ अंशाच्या बाटलीवर दाबमापी ३.८७ दाखवतो आहे, पण झाकणाखालच्या मोकळ्या जागेत ०.८ वातावरण दाबाची हवा अडकली आहे असे समजा. कार्बन डायॉक्साइडचा दाब मग ४.०७ उरतो आणि पेयात खरे ३.१ व्हॉल्यूमच असतात. तक्त्यात पाहणारा ३.७ लिहून मोकळा होतो. दर लिटरला १.२ ग्रॅम वायू कागदावरच राहतो.

म्हणून चाचणीत झाकणाला सुई लावून मोकळ्या जागेतला वायू एकदा झटकन सोडून द्यायचा, झडप बंद करायची, दाब वाढायचा थांबेपर्यंत बाटली जोरात हलवायची, आणि मग दाब व तापमान एकदमच वाचायचे. मोकळी जागा बाटलीच्या विसाव्या भागाएवढी असेल, तर हवा नसलेल्या बाटलीत दाब पुन्हा ३.६ च्या जवळ येतो. वरच्या उदाहरणातली बाटली ३ वरच थांबते. हलवणे अर्धवट सोडले तर दोन्ही बाटल्या कमीच दाखवतील, म्हणून सलग दोन वाचने सारखी येईपर्यंत थांबू नये.

ही हवा प्राणवायूही आणते, आणि त्याने चव बिघडते. पेयाचे पाणी हवेशी समतोलात असेल तर हिशेब असा: २५ अंशाला बाष्पदाब ०.०३१ वजा करून ०.९६९, त्याचा २०.९५ टक्के भाग ०.२०३ वातावरण, गुणिले प्राणवायूचा दुसऱ्या रीतीचा स्थिरांक ०.००१२७ मोल, गुणिले ३२. उत्तर दर लिटरला ८.२५ मिलिग्रॅम. बाष्पदाब विसरला तर ८.५ येते, म्हणजे तीन टक्के जास्त. पाच वातावरणाच्या बाटलीत तेवढेच ०.०३१ सोडून दिले तर एक टक्काही बिघडत नाही.