एका ऑफसेटमध्ये तीन व्यास

एक स्टीलचा शाफ्ट घेऊ. त्यावर तीन पायऱ्या आहेत, आणि सीएनसी लेथवर एकाच टूलने, एकाच सलग फिनिशिंग कटमध्ये तिन्ही पूर्ण करायच्या आहेत. ड्रॉइंगवर टोकाची पायरी ३० मिमी, जी ६ अशी आहे. म्हणजे व्यास २९.९८० ते २९.९९३ च्या मध्ये हवा, कारण तिथे एक भाग सहज सरकत बसणार आहे. मधली पायरी ४० मिमी, के ६. तिथे बेअरिंग घट्ट बसणार, म्हणून ४०.००२ ते ४०.०१८. शेवटची ५० मिमी, अधिक-उणे ०.१, तिथे काहीच बसत नाही.

नवा प्रोग्रामर ड्रॉइंगवरचे मोठ्या अक्षरातले आकडे पाहतो आणि प्रोग्राममध्ये ३०, ४०, ५० लिहितो. मशीन ते इमानदारीने कापते. पहिला जॉब मोजला, तर ३० चा व्यास ३०.००० आणि ४० चा ४०.०००. दोन्ही नापास! आता ऑपरेटर टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेसाठी मशीनमध्ये भरलेली दुरुस्ती, बदलायला जातो आणि अडकतो. ३० च्या पायरीला ७ ते २० मायक्रॉन कमी करायला हवेत, ४० च्या पायरीला २ ते १८ मायक्रॉन वाढवायला हवेत. ऑफसेट तर टूलचा असतो, पायरीचा नाही. तो बदलला की तिन्ही व्यास एकत्र हलतात. दोन्ही पायऱ्यांना चालेल असा आकडा अस्तित्वातच नाही. यात ऑपरेटरचा काही दोष नाही. चूक प्रोग्राम लिहिताना झालेली असते.

उपाय सोपा आहे: मूळ मापाऐवजी टॉलरन्सच्या मध्याला नेम धरायचा. वरची आणि खालची मर्यादा मिळवून दोनाने भागायचे. ४० साठी ४०.००२ आणि ४०.०१८ चा मध्य ४०.०१०. ५० ला दोन्हीकडे सारखीच सूट आहे, म्हणून ५०.००० तसेच राहते. ३० चा मध्य २९.९८६५ येतो आणि इथे थोडे थांबावे लागते, कारण नेहमीच्या सेटिंगमध्ये मशीन हजारांशापर्यंतच आकडा घेते. मी २९.९८६ घेईन, २९.९८७ नाही. टूलची धार झिजत जाते तसा बाहेरचा व्यास हळूहळू मोठा होतो, म्हणून अर्धा मायक्रॉन जास्त जागा वरच्या बाजूला हवी. भोकात उलटे घडते, झिजेमुळे ते लहान होत जाते. तिथे वरच्या आकड्याकडे झुकायचे.

लांबीलाही हाच नियम. पहिल्या पायरीची लांबी २५, पण सूट फक्त अधिक ०.२ असेल, तर नेम २५.१ चा. दुसरी पायरी तिच्या खांद्यापासून ३० अधिक-उणे ०.१ दिली असेल, तर शून्यापासूनचे अंतर ५५.१ होते. पहिली लांबी सरकवून दुसरी ५५ वरच ठेवली, तर दुसरी पायरी २९.९ ची होऊन थेट मर्यादेवर येऊन बसते. ही चूक फार सहज होते.

```
G01 X29.986 F0.1
Z-25.1
X40.010
Z-55.1
X50.000
```

आता पहिला जॉब मोजल्यावर समजा २९.९९१, ४०.०१५ आणि ५०.००५ आले. प्रत्येक व्यास नेमापेक्षा ५ मायक्रॉनने मोठा आहे. वेअर ऑफसेटमध्ये एकदाच व्यासावर ०.००५ वजा केले की तिन्ही जागेवर येतात. त्यानंतर ३० ची पायरी ६ मायक्रॉन खाली आणि ७ मायक्रॉन वर जाऊ शकते, ४० ची दोन्हीकडे ८. एका ऑफसेटला आता खरोखर वावरायला जागा मिळाली आहे.

मात्र गरम जॉब मोजू नका. स्टीलचा ४० मिमी व्यास १० अंशांनी तापला, तर सुमारे साडेचार मायक्रॉनने फुगतो. म्हणजे त्या ८ पैकी अर्ध्याहून जास्त जागा नुसत्या उष्णतेने खाल्ली.

कॅम सॉफ्टवेअरने प्रोग्राम बनवताना मॉडेल मूळ मापांवर काढलेले असेल, तर कॅम तेच आकडे उचलतो. म्हणून मॉडेलमधली मापे आधी मध्यावर आणावी लागतात.

मला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा वेगळाच वाटतो. नेम मध्यावर असला की चुकांची तुलना करता येते. समजा ४० बरोबर ४०.०१० आला, पण टोकाचा ३० मात्र २९.९९५. एकात चूक शून्य, दुसऱ्यात ९ मायक्रॉन. हे ऑफसेटचे काम नाही. फक्त चकमध्ये धरलेल्या लांब शाफ्टचे मोकळे टोक कटाच्या दाबाने टूलपासून दूर वाकते आणि तिथे व्यास मोठा राहतो, हे तपासण्याजोगे पहिले कारण. टोकाला टेलस्टॉकचा आधार द्या. तो देता येत नसेल, तर ३० च्या पायरीसाठी तेच टूल दुसऱ्या ऑफसेट नंबरने बोलवा, उदाहरणार्थ पहिला `T0101` असेल तर `T0111`, आणि त्या नंबरात पहिल्या ऑफसेटचेच आकडे भरून व्यासावर ९ मायक्रॉन वजा करा.