बिनअंड्याचा स्पंज मधोमध का खचतो? सोडा आणि बेकिंग पावडरचं माप

मागच्या आठवड्यात एक ताई डब्यात केक घेऊनच दुकानात आल्या. कडा छान तांबूस आणि मध्ये वाटीसारखा खड्डा. "तुमची पावडर जुनी आहे का?" त्यांनी विचारलं. आम्ही सुरी मागवून केक कापला. वरच्या बाजूला मोठाली, उभी भोकं होती आणि खड्ड्याखाली चिकट, दाबलेला थर. पावडर जुनी असती तर केक फुगलाच नसता. हा फुगून मग बसला होता, म्हणजे वायू कमी नव्हे, जास्त झाला होता.

अंड्याच्या केकमध्ये बुडबुड्यांभोवतीच्या भिंती अंड्यामुळे लवकर घट्ट होतात. बिनअंड्याच्या केकमध्ये हे काम मुख्यतः मैद्यातल्या स्टार्चला करावं लागतं. तो पाणी शोषून, चांगला तापल्यावरच घट्ट होतो आणि साखर असल्यामुळे त्याला आणखी उशीर लागतो. तोवर बुडबुडे फुगतच राहतात. ते प्रमाणाबाहेर झाले की एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येतात आणि फुटतात. कडा भांड्याला टेकून आधीच शिजलेल्या असतात, म्हणून त्या उभ्या राहतात. मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो, म्हणून तोच खाली बसतो.

ताईंचं माप होतं: दीड कप मैदा, एक कप दही, एक चमचा सोडा, दोन चमचे बेकिंग पावडर. आधीचा केक चपटा झाला म्हणून यावेळी सोडा वाढवला होता. शिवाय चमचा घरातला, तोही शीग लावून. (आमच्या पाककृतीत चमचा म्हणजे ५ मिलीचा, सुरीने सपाट केलेला. पोह्यांचा चमचा नव्हे!)

आता हिशोब बघा. खाण्याचा सोडा बेकिंग पावडरपेक्षा साधारण तीन ते चार पट जोरकस असतो. एक कप मैद्याला नुसती पावडर वापरली तर एक ते सव्वा चमचा पुरते. सोडा मात्र दह्याच्या आंबटपणावर चालतो, म्हणून त्याचं माप मैद्यावरून नाही, दह्यावरून ठरवायचं: अर्ध्या कप दह्याला पाव चमचा. म्हणजे ताईंच्या एक कप दह्याला अर्धा चमचा सोडा पुरे. उरलेल्या सोड्याला आंबट मिळतच नाही. तो केकला साबणासारखी चव आणि पिवळट-तपकिरी रंग देतो.

हा अर्धा चमचा सोडा हिशोबाने दीड कप मैद्याला एकटाही पुरेल. मग पावडर कशाला? कारण सोडा दह्याला लागताक्षणी फसफसायला लागतो आणि ढवळून, भांड्यात ओतून, ओव्हनपर्यंत पोचेतो त्यातला बराच वायू निघून जातो. पावडरचा काही वायू मात्र उष्णता लागल्यावर सुटतो. म्हणून ती आधाराला, पाऊण चमचा. आम्ही ताईंना दिलेलं माप हेच: सोडा अर्धा, पावडर पाऊण, दोन्ही सपाट. दोन्ही मैद्याबरोबर चाळून घ्यायचे आणि ओलं-कोरडं एकत्र झालं की वाट न बघता भांडं आत सरकवायचं. पुढच्या वेळी त्यांचा केक खचला नाही.

तरीही किंचित बसत असेल तर पुढच्या वेळी पावडर पाव चमच्याने कमी करा. सोड्याला हात लावू नका, नाहीतर दह्याचा आंबटपणा केकमध्ये उरतो. दह्यावर पाणी सुटलं असेल तर ते काढून मग मोजा. बॅटर फार पातळ झालं तर स्टार्चला सगळं पाणी आवरत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या ग्राहकांनी सुरुवातच अर्ध्या चमचा पावडरने करावी, कारण उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने तोच वायू जास्त फुगतो.

केक ओव्हनमध्ये चांगला दिसला आणि बाहेर काढल्यावर बसला, तर दोष मापाचा नसतो. मध्य कच्चा राहिलेला असतो. सात इंची भांड्यात, आधी तापवलेल्या १८० अंशांवर या मापाला साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. काडी बरोबर मध्यभागी खुपसा, कडेला नाही. आणि बोटाने हलकं दाबल्यावर पृष्ठभाग वर आला पाहिजे. भांडं निम्म्याहून थोडं जास्त, फार तर दोन तृतीयांश भरा.

पावडर जुनी असल्याची शंका असेल तर गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून पाहा, सोडा असेल तर लिंबाच्या रसात. लगेच जोरात फसफसलं तर पावडर ठीक आहे. तसं झालं नाही तर पाकीट दुकानात घेऊन या, बदलून देऊ.