गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड गाभण का राहत नाही?

मामाच्या एचएफ गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड, घरात पेढे वाटले. कालवड चांगली वाढली, पण दीड वर्षाची झाली तरी माजावर येईना. मिनरल मिक्श्चर झालं, इंजेक्शनं झाली, मग कोणीतरी म्हणालं नजर लागलीय, लिंबू बांधा. लिंबाचा काही दोष नाही हो, पण या कालवडीचा निकाल ती पोटात दीड-दोन महिन्यांची असतानाच लागला होता.

इंग्रजीत अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. गोऱ्ह्याच्या जोडीने जन्मलेल्या १०० कालवडींपैकी ९० हून जास्त वांझ निघतात.

कारण आहे वार. गाईच्या पोटात जुळं असलं की दोघांच्या वारा बहुतेक वेळा एकमेकींना चिकटतात आणि रक्तवाहिन्या जोडल्या जातात, म्हणजे दोन घरांची पाण्याची लाईन एकच झाली म्हणा ना. माणसात बहीण-भावाच्या जुळ्यात असं क्वचितच होतं, म्हणून आपल्याकडच्या जुळ्या बहिणी आरामात आई होतात.

आता खरी गंमत. सुरुवातीला प्रत्येक गर्भात, नर असो की मादी, दोन्ही प्रकारच्या नळ्या असतात, एका जोडीतून गर्भाशय होणार, दुसरीतून नराची वीर्यनलिका. नराचं वृषण तयार होताच ते अँटी-म्युलेरियन हॉर्मोन सोडतं, त्याचं काम एकच, गर्भाशय होणारी जोडी मोडून टाकायची. गोऱ्ह्याच्या शरीरात हे बरोबरच आहे, पण लाईन कॉमन! तेच हॉर्मोन बहिणीच्या रक्तात जातं, तिचं गर्भाशय बनण्याआधीच विरतं आणि बीजांडकोशही खुरटतात, कधीकधी त्यांच्यात वृषणासारखी रचना दिसते. बाहेरून मात्र ती कालवडच, म्हणून आपण फसतो.

१९१६ च्या सुमारास शिकागोचे शास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी कत्तलखान्यातून मिळालेली जुळी गर्भं तपासली तेव्हा रक्तवाहिन्या जोडलेल्या नसतील तिथे मादी नॉर्मल दिसली. पुढे १९४५ मध्ये शास्त्रज्ञ रे ओवेन यांना कळलं की अशा जुळ्यांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही राहतात. कालवडीच्या रक्तात नराचा वाय क्रोमोसोम सापडतो तो यामुळेच, आणि रक्ताची पीसीआर टेस्ट त्यालाच शोधते.

घरच्या घरी अंदाज हवा तर वासरू काही आठवड्यांचं असताना डॉक्टर स्वच्छ, वंगण लावलेली बोथट नळी योनीत हळू सरकवून बघतात. साधारण कालवडीत ती १३-१५ सेंमी जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ वर अडते. स्वतः मात्र करू नका, इजा होते. कधी गोऱ्हा पोटातच मरून जिरून जातो आणि एकटीच कालवड जन्मते, तीही फ्रीमार्टिन असू शकते, तेव्हा "जुळं नव्हतं" म्हणून निर्धास्त होऊ नका.

मामाच्या गाईत काही खोट नाही, पुढच्या वेळी पोटात एकच वासरू असेल तर ही अडचण येणार नाही. आणि दोन्ही कालवडी असत्या तर ही भानगडच नव्हती.