एका खरेदीपुरता कार्ड क्रमांक: तो कसा तयार होतो आणि कुठे अडतो

आमच्या ॲपमध्ये ‘एका खरेदीसाठी क्रमांक’ हे बटण दाबलं की पाच-सात सेकंदांत सोळा आकडे, महिना-वर्ष आणि तीन आकडी सीव्हीव्ही दिसतो. ऑनलाइन दुकानात तुमच्या नेहमीच्या कार्डाऐवजी हेच भरायचं. एकदा पैसे गेले की तो क्रमांक पुन्हा चालत नाही. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून आमच्याकडे सर्वाधिक प्रश्न येतात ते दोनच: हे आकडे येतात कुठून, आणि खात्यात पैसे असूनही कधीकधी व्यवहार का अडतो. दोन्हींची उत्तरं इथे दिली आहेत.

आधी एक गोष्ट. क्रमांक काढणारी बँक असते, आम्ही नाही. आम्ही ॲप सांभाळतो आणि तुम्ही ठरवलेली मर्यादा बँकेला कळवतो. क्रमांक आणि सीव्हीव्ही बँकेकडून कुलूपबंद होऊन थेट तुमच्या फोनवर उघडतात. आमच्या नोंदीत फक्त शेवटचे चार आकडे राहतात.

सोळा आकडे कसे जुळतात

सोळाच्या सोळा आकडे मनाला येतील तसे घेता येत नाहीत. पहिले आठ आकडे बँकेची ओळख असतात, व्यवहारात त्याला बिन म्हणतात. पूर्वी ही ओळख सहा आकड्यांची होती. आता ती आठची झाली आहे. दुकानाकडून निघालेली विनंती कोणत्या बँकेकडे न्यायची हे कार्ड नेटवर्क या आकड्यांवरूनच ओळखतं. एका खरेदीच्या क्रमांकांसाठी बँक वेगळा बिन राखून ठेवते, म्हणजे हा क्रमांक आला की आधी मर्यादा तपासायची हे तिच्या यंत्रणेला लगेच कळतं.

शेवटचा, सोळावा आकडा पडताळणीचा. मधले सात उरतात, आणि खरा नवा भाग तेवढाच. सात आकड्यांत एका बिनखाली एक कोटी क्रमांक बसतात. ते एकापाठोपाठ एक वाटले, तर ज्याला आज एक क्रमांक मिळाला त्याला पुढच्या ग्राहकाचाही अंदाज बांधता येईल. म्हणून हे सात आकडे चिठ्ठी काढल्यासारखे निघतात. ते काढण्यासाठी बँकेत एचएसएम नावाचं वेगळं यंत्र असतं. गुप्त किल्ल्या त्याच्याच पोटात असतात, आणि कुणी ते फोडायला गेलं तर ते त्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. निघालेला क्रमांक आधी कुणाला दिला आहे का ते पाहिलं जातं. दिलेला असेल तर पुन्हा चिठ्ठी काढतात. वापरून झालेला क्रमांकही लगेच दुसऱ्याला देत नाहीत. त्यावर परतावा किंवा तक्रार काही महिन्यांनीही येऊ शकते.

आता पडताळणीचा आकडा. हा हिशेब आयबीएममधले हान्स पीटर लून यांनी बसवला. त्याचं पेटंट १९६० सालचं आहे. नमुन्यासाठी आम्ही मुद्दाम शून्याने सुरू होणारा क्रमांक घेतला आहे, कारण आपल्याकडच्या खरेदीच्या कार्डांचा क्रमांक शून्याने सुरू होत नाही:

```
0000 1234 5807 346?
```

डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे दुप्पट करायचे. दुप्पट दोन आकडी आली तर ते दोन आकडे आपसात मिळवायचे. पाचचे दहा होतात, त्याचा एक धरायचा. सहाचे बारा होतात, त्याचे तीन. या क्रमांकात दुप्पट केलेल्यांची बेरीज १८ येते आणि उरलेल्या आकड्यांची २५, एकूण ४३. ही बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. ५० ला सात कमी पडतात, म्हणून शेवटचा आकडा ७.

याचा उपयोग आकडे टाइप करताना होतो. ५८०७ ऐवजी चुकून ५८७० टाकलं तर बेरीज ५० ऐवजी ४८ भरते, आणि बँकेपर्यंत जाण्याआधीच दुकानाचं पान ‘क्रमांक चुकीचा’ म्हणून थांबवतं. एखादा आकडा चुकला तर हा हिशेब हमखास पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडतो, अपवाद फक्त ०९ आणि ९० यांचा. मात्र ही सुरक्षा नव्हे. हा हिशेब जगजाहीर आहे, त्यामुळे बेरीज जुळली म्हणजे क्रमांक खरा असं होत नाही.

सीव्हीव्ही वेगळ्या रीतीने येतो. त्याची चिठ्ठी निघत नाही, तो गणिताने निघतो. क्रमांक, महिना-वर्ष आणि एक ठरलेला सेवासंकेत एचएसएममधल्या गुप्त किल्ल्यांतून फिरवले की तीन आकडे हाती येतात. व्यवहाराच्या वेळी बँक तेच गणित पुन्हा करून ताळा घेते. म्हणून महिना-वर्ष चुकीचं भरलं, तर सीव्हीव्ही अचूक असूनही ताळा जमत नाही.

महिना-वर्षाची अडचण पुष्कळांना कळत नाही. आमचा क्रमांक २४ तास जगतो, पण कार्डाच्या रकान्यात तास लिहायची सोयच नसते. तिथे फक्त महिना आणि वर्ष बसतं. चालू महिना टाकला असता, तर ३१ तारखेला रात्री दहा वाजता काढलेला क्रमांक दोन तासांत संपला असता. म्हणून रकान्यात नेहमी पुढचा एखादा महिना दिसतो. खरी मुदत बँकेच्या यंत्रणेत असते आणि ॲपमध्ये उलटी मोजत राहते. ॲप दाखवेल ती वेळ धरा.

एक खरेदी, सुरुवातीपासून

दिंडोरीकडचे एक बागायतदार छाटणीच्या तोंडावर दोन वस्तू मागवतात असं धरा: छाटणीची कात्री १,१५० रुपयांची आणि द्राक्षाची साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर १,८९० रुपयांचा. वस्तू एकाच संकेतस्थळावर, पण विक्रेते दोन. त्यांनी बेरीज करून ३,०४० रुपयांच्या मर्यादेचा क्रमांक काढला. शेवटच्या पानावर पोहोच खर्चाचे ६० रुपये वाढले आणि रक्कम ३,१०० झाली. व्यवहार अडला. दुकानाच्या पानावर फक्त `Transaction declined` दिसतं, त्यामुळे वाटतं खात्यातच काही गडबड आहे. आमच्या ॲपच्या सूचनेत मात्र ‘मर्यादेपेक्षा ६० रुपये जास्त’ असं कारण लिहिलेलं असतं. क्रमांक जळालेला नाही. मर्यादा ३,१०० करा आणि तोच क्रमांक पुन्हा भरा. मुळात क्रमांक काढायचाच तो शेवटच्या पानावरची रक्कम बघून.

पुढे ओटीपी येतो, खात्याला जोडलेल्या मोबाइलवर. ऑनलाइन कार्ड व्यवहारात ही दुसरी खात्री रिझर्व्ह बँकेने २००९ पासून सक्तीची केली आहे. ओटीपी चुकला तरी क्रमांक शाबूत राहतो, कारण पैशाची विनंती ओटीपी जुळल्यावरच निघते.

ती विनंती दुकानाच्या बँकेकडून नेटवर्कमार्गे आपल्या बँकेत येते. तिथे एका नोंदीत हा क्रमांक तुमच्या खऱ्या खात्याशी बांधलेला असतो. बँक मुदत पाहते, मर्यादा पाहते, आधी वापरला आहे का ते पाहते आणि मग खात्यातली शिल्लक पाहते. क्रमांक काढताना आम्ही पैसे अडकवून ठेवत नाही, त्यामुळे या क्षणी शिल्लक असायलाच हवी. सगळं जुळलं की होकार जातो, आणि त्याच क्षणी क्रमांकावर ‘वापरला’ अशी खूण पडते. दुकानाला तुमचा खरा कार्ड क्रमांक या सगळ्यात कुठेच दिसत नाही.

आता समजा दोन दिवसांनी कात्रीच्या विक्रेत्याने माल नाही म्हणून कळवलं. १,१५० रुपये परत यायचे आहेत, आणि क्रमांक तर मेलेला. पैसे येतात. क्रमांक नव्या खर्चासाठी बंद झालेला असतो, पण खात्याशी बांधलेली नोंद बँक पुसत नाही. परतावा त्या जुन्या क्रमांकावर येतो आणि नोंदीच्या वाटेने खात्यात जमा होतो. दुकानाने ‘नवा कार्ड क्रमांक द्या’ म्हटलं तर देऊ नका, त्याची गरज नसते. परतावा यायच्या आत मूळ खातं बंद केलं, तर मात्र पैसे खरोखर अडकतात.

जळलेला क्रमांक, न झालेली खरेदी

सर्वांत त्रासाचा प्रकार हा. बँकेने होकार दिला, पण वाटेत जोडणी तुटली आणि दुकानाला तो पोहोचलाच नाही. खात्यातून पैसे गेले, ऑर्डर नाही, आणि क्रमांक परत चालेना. लगेच नवा क्रमांक काढून पैसे भरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ऑर्डरची यादी पाहा. पुष्कळदा ऑर्डर उशिरा दिसते, आणि घाईत दोनदा खरेदी होते. ऑर्डर नसेलच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे.

दुसरा प्रकार छोट्या रकमेचा. काही ठिकाणी कार्ड खरं आहे का पाहायला आधी एक-दोन रुपये कापतात आणि परत करतात. आपल्या क्रमांकाच्या लेखी तीच एक खरेदी झाली. मग खरी रक्कम अडते. अशा ठिकाणी आणि दरमहा पैसे कापणाऱ्या सेवांसाठी हा क्रमांक वापरू नका. पहिला महिना जाईल, दुसरा अडेल. हॉटेलच्या आगाऊ बुकिंगलाही नको, कारण तिथे पोहोचल्यावर काउंटरवर कार्ड दाखवायला सांगू शकतात. पैसे भरताना दुकानाच्या पानावर `Save card` अशी चौकट असेल तर ती रिकामी ठेवा.

आणि हा क्रमांक काय वाचवत नाही तेही स्पष्ट सांगतो. दुकानातून पुढे कधी माहिती चोरीला गेली, तर चोराच्या हाती मेलेला क्रमांक लागतो. पण दुकानच खोटं असेल, तर तुम्ही स्वतः भरलेली ती एक रक्कम जाते. म्हणून मर्यादा खरेदीएवढीच ठेवा, ‘असू दे थोडी जास्त’ म्हणून पाच हजारांची ठेवू नका.

अडचण आली तर आम्हाला तीनच गोष्टी कळवा: क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख-वेळ आणि ॲपमधल्या पावतीवरचा बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. व्यवहार कोणत्या टप्प्यावर थांबला हे आरआरएनवरून शोधता येतं. पूर्ण क्रमांक, सीव्हीव्ही आणि ओटीपी आमचा माणूस कधीच विचारणार नाही. आमचं नाव सांगून कुणी विचारलं तर फोन ठेवा आणि ॲपमधून तो क्रमांक लगेच रद्द करा.