वीस रुपयांची तरतरी: एनर्जी ड्रिंक गोव्यातल्या रात्रपाळीपर्यंत कसे पोहोचले

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीबाहेर रात्रपाळीच्या वेळी गाड्यावर उभे राहिले की एक गोष्ट लगेच दिसते. पूर्वी चहा मागणारी पोरे आता थंड बाटली मागतात. फोंड्यात, म्हापशात परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची मुलेही तेच करतात. काच आणि कॅनची जागा प्लॅस्टिकच्या बाटलीने घेतली, किंमत वीस रुपयांच्या आसपास आली आणि एकेकाळी महागडे वाटणारे हे पेय चहाच्या रांगेत येऊन बसले.

याचा उगम औषधाच्या दुकानात आहे. जपानमधल्या ताइशो या औषध कंपनीने 1962 मध्ये लिपोव्हिटान डी नावाचे टॉनिक काढले. शंभर मिलिलिटरची तपकिरी बाटली, त्यात टॉरिन, ब जीवनसत्त्वे आणि थोडे कॅफिन. थकलेल्या नोकरदाराने एक बाटली घ्यायची आणि कामाला लागायचे, असा तो प्रकार. सत्तरच्या दशकात थायलंडमध्ये चालिओ युविध्या यांनी त्याच धर्तीवर क्राटिंग डाएंग हे गोड पेय आणले. रात्रभर ट्रक चालवणारे आणि मजूर हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. ऑस्ट्रियाच्या डिट्रिश माटेशित्स यांनी ते तिथे पाहिले, चालिओंशी भागीदारी केली, त्यात सोडा मिसळला आणि 1987 मध्ये ऑस्ट्रियात रेड बुल बाजारात आले. इथे गिऱ्हाईक बदलले. मजुराचे पेय पार्टीचे, खेळाचे आणि कॉलेजच्या मुलांचे झाले, आणि घोटभर औषधाचा पाव लिटर झाला.

भारतात कायदा मागून आला. 2015 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कॅफिन आणि जिनसेंग ही औषधी मुळी एकत्र असलेल्या काही पेयांची परवानगी काढून घेतली. पुढच्या वर्षी ‘कॅफिनयुक्त पेय’ या नावाने मानक ठरले: लिटरमागे कॅफिन किमान 145 आणि कमाल 300 मिलिग्राम. म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त 75 मिलिग्राम. कपभर चहात साधारण 30 ते 50 असते, तेव्हा एका बाटलीने घाबरून जायचे कारण नाही. लहान मुले, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हे पेय नाही, हा इशारा मात्र बाटलीवर असतो. तो इतक्या बारीक अक्षरांत असतो की वाचायला बाटली उजेडात धरावी लागते.

खरा घोळ दुसऱ्या बाटलीपासून सुरू होतो. रात्रपाळीचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. दोन वाजता डुलकी येते, तो एक बाटली घेतो. पाच वाजता पुन्हा जड वाटते, दुसरी घेतो. थकवा साठू लागला की मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन वाढते आणि झोप येते. कॅफिन त्या ॲडेनोसिनची जागा अडवते. थकवा जागच्या जागी राहतो, तो जाणवत नाही एवढेच. शरीरातले कॅफिन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. पाचला पहिल्या बाटलीचे पन्नासेक मिलिग्राम उरलेले असतात, त्यात नवे 75 पडतात. घरी येऊन दहाला तो आडवा होतो तेव्हा अंगात साठच्या वर मिलिग्राम शिल्लक असते, म्हणजे कडक चहा पिऊन झोपायला गेल्यासारखेच. झोप लागली तरी उथळ लागते, आणि पुढच्या पाळीला दोन बाटल्या पुरत नाहीत.

साखरेचे वेगळे. काही ब्रँडमध्ये शंभर मिलिलिटरला 11 ग्रॅम असते, म्हणजे बाटलीत 27 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. काही बाटल्यांत ती बरीच कमी असते, म्हणून बाटलीच्या मागचा तक्ता वाचावाच.

गोव्यात आणखी एक सवय आहे आणि मला ती सर्वांत जास्त खटकते: व्होडकात एनर्जी ड्रिंक मिसळणे. दारूची गुंगी कॅफिन झाकते, पण रक्तातली दारू कमी होत नाही. माणसाला आपण शुद्धीवर आहोत असे वाटते आणि तो स्कूटरची चावी उचलतो. अमेरिकेत 2010 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने कॅफिन घातलेल्या दारूच्या उत्पादकांना इशारा दिला, तो याच कारणाने.

मग रात्र काढायची कशी? कॅफिन हवेच असेल तर पाळीच्या सुरुवातीला चहा घ्यावा आणि शेवटच्या पाच-सहा तासांत काही नाही. मधल्या सुट्टीत वीस मिनिटे डोळे मिटले तर पहाटे त्याचा खरा उपयोग होतो. उकाड्यात घाम गाळणाऱ्याला पाणी आणि मीठ लागते, त्याला मीठ घातलेली पेज, शहाळे किंवा कमी साखरेचे भिरंडाचे सरबत चालते. अभ्यास करणाऱ्याने रात्री जेवण टाळू नये, कारण रिकाम्या पोटी हीच बाटली हात थरथरवते.

छातीत धडधड थांबत नसेल, ठोके चुकल्यासारखे वाटत असतील, छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल तर 108 ला फोन करावा. किती बाटल्या घेतल्या, कधी घेतल्या आणि सोबत दारू होती का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. त्यावरून उपचाराची दिशा ठरते.